सोळाचे टायर

राजाबाई गेली आणि कृष्णातचं अंग त्याच्या ताब्यात राहिलं नाही. निदान त्याला तसं वाटायला लागलं.

पहिल्यांदा ते जाणवलं जीपमध्ये चढताना. वीस वर्षं जीपवर काढलेला माणूस. हात दांडीला, डावा पाय आत, आणि बूड सीटवर, इतकं सोपं होतं ते. पण गावाकडून दिवसकार्य उरकून तो तुर्भ्याला परत आला आणि पहिल्याच सकाळी त्याचा पाय पायरीला अडखळला. पाय थोडा जास्त उचलावा लागला. त्याला वाटलं, अंगातलं बळ गेलं. बायको गेल्यावर माणूस खचतो म्हणतात, ते असं गुडघ्यापासून सुरू होत असेल.

मग गाडी चढाला दमायला लागली. पूर्वी ज्या चढाला वरच्या गिअरमध्ये ती हसत जायची, तिथं आता खालचा टाकावा लागायचा. त्याला वाटलं, आपलाच पाय नीट बसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे झाडं पळायला लागली. काटा साठावर, इंजिनाचा आवाजही साठाचाच, रोजचा. पण कडेची झाडं, खांब, पाट्या अंगावर यायच्या त्या जरा जास्तच झपाट्याने. कान आणि काटा एका बाजूला, डोळे दुसऱ्या बाजूला. दोन विरुद्ध एक. कृष्णातने डोळ्यांना खोटं ठरवलं. रात्री झोप नाही, डोळ्यांत पाणी. त्या डोळ्यांवर कोण भरवसा ठेवणार.

कुणाला तो काही बोलला नाही. त्याचे शेठ मुस्तफा हे म्हसळ्याकडचे, तुर्भ्याच्या फळबाजारात त्यांचा गाळा. राहायला नेरूळला. माणूस चांगला. कृष्णात साताऱ्याकडून आला तेव्हा बाजारात पोती उचलायचा. पाठीने दगा दिल्यावर मुस्तफांनीच त्याला गाडी शिकायला लावलं आणि जीपवर ठेवलं. राजाबाईच्या वेळी गावी निघताना ते म्हणाले होते, "टेन्शन घेऊ नका कृष्णातराव, गाडीचं मी बघतो." आणि त्यांनी खरंच बघितलं होतं. तो परत आला तेव्हा जीपला चारही टायर बदललेले. भाच्याने, रमीजने, आपल्या खाणीवरच्या गाडीचे काढून दिलेले, नक्षी अजून खोल.

"सोळाचेच आहेत ना?" कृष्णातने तेवढं विचारलं होतं.

"सोळाचेच. तुमच्याच साइजचे. रिंगवर बसले म्हणजे झालं की."

बाजारात टायरची भाषा एवढीच. सोळाच्या रिंगला सोळाचा टायर. कृष्णातने चाकाला बूट मारून बघितला आणि बरं म्हटलं. जीप जरा उंच दिसत होती, पण नवा टायर उंच दिसायचाच.

एक दिवस गोष्ट हाताबाहेर गेली.

मुस्तफांच्या बायकोला, मेहरुनभाभींना, वाशीहून नेरूळला आणत होता. त्या नेहमीसारख्या पुढच्या सीटवर. सानपाड्याच्या पुढे हायवेवर एक हातगाडीवाला कांद्याची पोती घेऊन मध्येच घुसला. कृष्णातने त्याला लांबूनच पाहिलं. साठावरून थांबायला किती रस्ता लागतो हे त्याच्या तळव्याला पाठ होतं. त्याने वेळेत ब्रेक दाबला, पूर्ण दाबला, आणि जीप जिथं थांबायला हवी होती तिथं थांबली नाही. ती आणखी हातगाडीभर पुढे गेली. बंपर पोत्याला टेकला. एक पोतं फुटलं आणि कांदे रस्ताभर झाले. हातगाडीवाला उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. भाभींचा चष्मा खाली पडला.

घरी गेल्यावर चहा ठेवायच्या आत त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "यांचा पाय उशिरा जातो आता. मी यांच्या गाडीत बसणार नाही."

कृष्णात दारातच उभा होता. त्याने ऐकलं.

मुस्तफांनी त्याला जिन्यात गाठलं. आवाज अगदी मऊ. "कृष्णातराव, मन थाऱ्यावर नाही तुमचं. माझं कोणी गेलं असतं तर माझं पण राहिलं नसतं. रविवारपासून गोदामावर बसा. पगार तोच. रविवारी हिला म्हसळ्याला जायचंय, हिच्या अम्मीला बरं नाही. तेवढं गाळ्यावरचा शिवा नेईल. पुढचं पुढे बघू."

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. कृष्णात म्हणाला, "व्हय शेठ," आणि जिना उतरला. गाडी हा त्याच्याकडे उरलेला एकच धंदा होता. गोदामात बसला की दिवसभर करायला काय, तर आठवणी. ते त्याला झेपणार नव्हतं.

रविवारपर्यंत गाडी त्याच्याच हातात होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती तुर्भ्यातल्या बाजीरावकडे नेली. बाजीराव कराडचा, मीटर दुरुस्त करायचा. टपरीएवढं दुकान, भिंतीला जुन्या मीटरांची तोंडं टांगलेली, सगळ्यांचे काटे शून्यावर.

"पाव्हणं, मीटर बघ," कृष्णात म्हणाला. "साठ दावतंय पण गाडी जास्त पळती असं वाटतंय."

"वाटतंय? मीटरला वाटत नसतं, माणसाला वाटतं."

"म्हणूनच म्हणतोय, बघ."

बाजीरावने मीटर काढून टेबलावर लावलं. त्याच्याकडे एक छोटी मोटार होती, मिनिटाला ठरलेल्या फेऱ्या मारणारी. गिअरबॉक्सकडून येणारी केबल मीटरच्या पोटात जशी फिरते तशी ती मोटार मीटरला फिरवायची. साठाला जेवढ्या फेऱ्या लागतात तेवढ्यावर त्याने ती सोडली. काटा उठला, थरथरला आणि साठावर जाऊन बसला.

"घे. तुझं मीटर हरिश्चंद्र आहे. खोटं बोलत न्हाय."

कृष्णात त्या काट्याकडे बघत राहिला. हीच शेवटची आशा होती. मीटर खरं, म्हणजे खोटा तो स्वतः. पाय, डोळे, डोकं, सगळंच. त्याने मनाशी ठरवलं की शेठना आजच सांगायचं, रविवारपर्यंत तरी कशाला थांबायचं.

पण आधी घणसोलीला रिकाम्या क्रेट टाकायच्या होत्या. गावठाणातल्या गल्लीत तो शिरला आणि कुणाच्या तरी बांधकामाचा खिळा मागच्या चाकात गेला. फुस्स. त्याने शिवी दिली, जॅक लावला आणि मागे टांगलेली स्टेपनी काढली. ती जुनीच होती. चार चाकं बदलली, पण स्टेपनी कोण बदलतं. ती बसवली, नट आवळले, जॅक खाली घेतला.

जीप कलली.

जरा नाही. चांगली, डोळ्यांना दिसेल अशी, त्या चाकाच्या बाजूला कलली. कृष्णातने वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले. मोडलेले नव्हते. हवा बघितली. भरलेली. मग त्याने पंक्चर चाक उभं केलं आणि स्टेपनीच्या शेजारी टेकवलं.

हवा गेलेली असूनही ते चाक उंच होतं. तीन-चार बोटांनी.

तो खाली बसला, गल्लीच्या मधोमध. टायरवरचा चिखल त्याने अंगठ्याने पुसला. स्टेपनीवर लिहिलं होतं ६.००-१६. काढलेल्या टायरवर ७.५०-१६. सोळा दोन्हीकडे होते. आयुष्यभर त्याने, मुस्तफांनी, टायरवाल्यांनी, सगळ्यांनी सोळाच वाचला होता. सोळा म्हणजे आतल्या रिंगचा आकडा. रबर त्या रिंगवर किती चढलंय हे सोळाच्या आधीच्या आकड्यात लिहिलेलं असतं, आणि तो आकडा कुणी वाचतच नव्हतं.

गल्लीतली एक म्हातारी, गिरजाबाई, ओट्यावर मासळी निवडत बसली होती. ती म्हणाली, "काय रं, गाडीनं जीव सोरला काय?"

"न्हाय मावशे," तो म्हणाला. "गाडी वाढलीय."

ती हसली. तिला वाटलं हा पिऊन आलाय.

कृष्णातचं मात्र अंग शहारलं होतं. गाडीत चढताना पाय जास्त उचलावा लागायचा तो गुडघा गेला म्हणून नव्हे. गाडीच वर गेली होती. चढाला गाडी दमायची, कारण इंजिनाला मोठं चाक ढकलायचं होतं. महिनाभर तो स्वतःच्या अंगावर एकेक आरोप लावत होता आणि प्रत्येक आरोप चाकाचा निघत होता. एक मात्र त्याला कळेना. मीटर खरं, चाक मोठं, मग वेगाचं काय?

तो तसाच कलत्या जीपने बाजीरावकडे परत गेला.

बाजीरावने चाकं बघितली आणि कपाळावर हात मारला. "आयला. मी मीटर तपासलं. चाक कुठं तपासलं?"

"पण तूच म्हणालास मीटर खरं हाय."

"खरंच हाय. पण ते काय मोजतंय ते तर बघशील?" बाजीरावने खडू आणला. "बस खाली. तुला दावतो."

त्याने पुढच्या मोठ्या चाकाच्या तळाशी, टायर जमिनीला टेकतो तिथं, खडूची रेघ मारली आणि तीच रेघ खाली जमिनीवर ओढली. दोघांनी जीप ढकलली, सरळ, सावकाश. टायरवरची रेघ वर गेली, फिरली आणि परत खाली आली. ती टेकली तिथं बाजीरावने दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघांमध्ये टेप धरला. दोन मीटर त्रेचाळीस.

मग स्टेपनीचं चाक. तसंच, खडू, ढकल, रेघ. दोन मीटर एकोणीस.

"आता ऐक," बाजीराव म्हणाला. "काट्याला रस्ता दिसत न्हाय. त्याला चाकपण दिसत न्हाय. त्याला फक्त फेऱ्या कळतात. गिअरबॉक्सातनं केबल येती, ती फिरती, आणि काटा म्हणतो, इतक्या फेऱ्या म्हणजे इतका वेग. कारण ज्यानं हे मीटर लावलं त्यानं धरून ठेवलंय की एका फेरीत चाक दोन मीटर एकोणीस जाणार. तुझं चाक आता प्रत्येक फेरीत एक वीत जास्त जातंय. ती वीत काट्याला कोण सांगणार?"

कृष्णातने आपली वीत पसरून बघितली.

"शंभर मीटर दावलं की तू एकशे अकरा गेलेला असतोस. साठ दावलं की सहासष्टच्या वर. आणि किलोमीटरचे आकडे पण तसेच. मुक्कामाला पोचशील, आकडा मागंच राहणार."

हे ऐकून कृष्णातला गावाकडची खेप आठवली. गावाकडे सामान आणायला तो परवाच जाऊन आला होता. तुर्भ्यापासून गावच्या वेशीपर्यंतचा आकडा त्याला तोंडपाठ होता, आणि त्या खेपेला तो कमी भरला होता. रस्ता कमी झाला होता. रस्ता कसा कमी होईल. पण तो वेशीवर उभा राहून आकड्याकडे बघत होता आणि त्याला खरंच वाटलं होतं की घरी कोणी उरलं नाही म्हणून रस्तासुद्धा आखडला. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बाजीरावलाही सांगितलं नाही. त्याने फक्त जीपच्या टपावर हात ठेवला.

"म्हणजे इंजिनाचा आवाज साठाचाच येतो, ते पण..."

"येणारच. इंजिन आणि केबल दोन्ही चाकाच्या अलीकडे. त्यांना टायर बदललेला माहीतच न्हाय. खरं फक्त रस्त्याला माहीत."

"आणि डोळ्याला."

"तुझ्या डोळ्याला काय झालंय?"

"काय न्हाय," कृष्णात म्हणाला. "काय बी झालेलं न्हाय."

संध्याकाळी तो नेरूळला शेठच्या घरी गेला. सगळं सांगितलं. मुस्तफांना ते लगेच पटलं. त्यांनी रमीजला फोनवर दोन शब्द ऐकवले. पण भाभी पदराने चष्मा पुसत बसल्या होत्या.

"टायर मोठा झाला, मान्य," त्या म्हणाल्या. "पण म्हणून तुमचा पाय वेळेवर जातो हे कुठे सिद्ध झालं? त्या दिवशी तो माणूस मेला असता."

"भाभी, गाडी साठावर हाय समजून मी ब्रेक मारला. ती सदुसष्टच्या घरात होती."

"सात आकड्यांनी काय होतं?"

"मला बी तसंच वाटायचं. बाजीराव म्हणतो, वेग एवढासा वाढला तरी थांबायला लागणारा रस्ता त्याच्या दुप्पट हिशोबानं वाढतो. पाव हिस्सा जास्त. ती हातगाडी त्या पाव हिश्शात होती."

"बाजीराव म्हणतो," भाभी म्हणाल्या. "मी नाही म्हणत. मी बघितल्याशिवाय काही म्हणत नाही. भाजी पण मी हात लावल्याशिवाय घेत नाही, विचारा यांना."

"तासभर लावते," मुस्तफा म्हणाले.

"तुमी गप्प बसा. हे बघायचं कसं, कृष्णातभाऊ? रस्त्यावर बघता येतं का?"

येतं, आणि त्याला मीटर लागत नाही. बाजीरावने तेही सांगितलं होतं. हायवेवर किलोमीटरचे दगड असतात. काटा एका जागी धरायचा, हलू द्यायचा नाही, आणि एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत घड्याळ बघायचं. बरोबर एक मिनिट लागलं तर वेग साठ. मिनिटाला एक दगड. कमी लागलं तर वेग जास्त. छत्तीसशेला सेकंदांनी भागायचं, जे येईल तो खरा वेग. एकाच दगडावर विश्वास ठेवायचा नाही, एखादा दगड सरकलेला असतो, तीन-चार बघायचे.

भाभींचे भाऊ कुवेतला होते. त्यांनी पाठवलेलं आकड्यांचं घड्याळ घरात पडून होतं, बटण दाबलं की सेकंद पळायला लागायचे. ते त्यांनी कपाटातून काढलं.

"रविवारी सकाळी," त्या म्हणाल्या. "मोठेच टायर राहू देत. माझी बॅग गाडीत टाका. शिवाला कळंबोलीच्या नाक्यावर उभा राहायला सांगा. मला पटलं नाही तर तिथून पुढे तो नेईल."

मुस्तफा म्हणाले, "आणि मी?"

"तुमी मागे बसा. भागाकार करा."

रविवारी उजाडताच ते निघाले. पंक्चर काढून मोठं चाक परत जागेवर बसवलेलं होतं. बेलापूरची टेकडी मागे पडली की खारघरचा भाग सुरू व्हायचा. तेव्हा तिथं काही नव्हतं. डोंगर, गवत, म्हशी, आणि सिडकोने आखणीसाठी ठोकलेल्या काही खुंट्या. रस्ता सरळ, रहदारी तुरळक. एक दगड आला, पनवेल नऊ.

"काटा साठावर," कृष्णात म्हणाला. "धरलाय."

दगड खिडकीच्या रेषेत आला आणि भाभींनी बटण दाबलं. कृष्णातचा पाय पेडलवर खिळल्यासारखा. पनवेल आठ. बटण.

"चौपन्न."

"छत्तीसशे भागिले चौपन्न," मागून मुस्तफा पुटपुटले. "सहासष्ट. सहासष्टच्या वर, सदुसष्टला थोडं कमी."

"अजून एक."

पनवेल सात. परत चौपन्न. भाभींनी घड्याळ कानाशी नेऊन ऐकलं. त्या घड्याळाला टिकटिक नव्हती. मग त्यांनी काट्याकडे बघितलं, तो साठावर अजिबात न हलता उभा होता, आणि बाहेर पळणाऱ्या गवताकडे बघितलं.

"इतका शांत बसून खोटं बोलतो हा," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता.

"खोटं न्हाय भाभी. त्याला ठाऊकच न्हाय."

गाडी कडेला घेऊन त्यांनी मागे वळवली आणि परत टेकडीपाशी आणली. मुस्तफांना वाटलं झालं, पटलं. पण मेहरुनभाभी मुस्तफांच्या बाजारातल्या मोठमोठ्या दलालांना गार करायच्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि तो मीटरवर टाकला. चार कोपरे चेपून बसवला.

"टायरची परीक्षा झाली," त्या म्हणाल्या. "आता तुमची. काटा नाही. साठ चालवा."

मुस्तफा म्हणाले, "मेहरुन, असं कसं कोणी..."

"ड्रायव्हर आहेत ना ते?"

कृष्णातने रुमालाकडे पाहिलं. पांढरा, कडेला निळी शिलाई. काटा नाही. कानावर जायचं तर कान इंजिन ऐकणार, आणि इंजिन तर टायरच्या अलीकडे. साठाचा आवाज येईपर्यंत दाबलं तर परत सदुसष्ट. म्हणजे कानही नाही. उरले डोळे, महिनाभर ज्यांना तो खोटारडे म्हणत होता तेच.

त्याने गाडी सोडली. वरच्या गिअरमध्ये टाकली. आणि बाहेर बघितलं.

गावाला जाताना राजाबाई त्याच्या शेजारी बसायची. तिने कधी मीटर बघितलं नाही. तिला आकडे वाचता येत नव्हते. ती कडेच्या गवताकडे बघायची. गवताच्या काड्या वेगळ्या दिसत होत्या तोवर ती बोलत असायची, दिराबद्दल, दुधाबद्दल, शेजारणीबद्दल. काड्यांचा एक हिरवा पट्टा झाला की ती मध्येच थांबायची. काही म्हणायची नाही, फक्त बोलणं थांबायचं. आणि कृष्णातचा पाय आपोआप वर यायचा. इतकी वर्षं त्याला वाटायचं तो काट्याकडे बघून गाडी चालवतो.

आता त्याने काड्यांकडे बघितलं. त्या सुट्या होत्या. थोडं दाबलं. अजून सुट्या, पण टोकं एकमेकांत जायला लागलेली. बस. इथंच. त्याने पाय तिथं ठेवला. इंजिन त्याच्या कानाला जरा मंद वाटत होतं, जणू आळसावलेलं. त्याने कानाला म्हटलं, गप राहा.

पनवेल नऊ. बटण दाबल्याचा आवाज आला. गवत, एक म्हैस, एक खांब, गवत. त्याला घाम फुटला होता पण हात सैल होते. पनवेल आठ.

भाभींनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"किती?" मुस्तफांनी मागून विचारलं.

"पुढे," त्या म्हणाल्या. "बोलू नका."

पनवेल सात. पनवेल सहा. बटण तीनदा वाजलं. मग भाभींनी घड्याळ मांडीवर उलटं ठेवलं आणि समोर काचेकडे बघत बसल्या. जीप तशीच चालली होती.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या. "मग साठ. मग परत एकसष्ट."

मागे मुस्तफा भागाकार करायला गेले आणि अर्ध्यात थांबले, कारण करायचं काही नव्हतं.

भाभींनी हात पुढे करून रुमाल उचलला. काटा चौपन्नावर होता. त्या वाकून, नाक काचेला लागेल इतकं जवळ जाऊन तो बघत राहिल्या, जसं एखाद्या झोपलेल्या माणसाकडे बघावं. "सुभानल्ला," त्या हळूच म्हणाल्या. मग कृष्णातकडे वळल्या. "तुमाला कसं कळलं?"

त्याला सांगता येईना. त्याने नुसतं बाहेर बोट दाखवलं, गवताकडे. भाभींनी गवताकडे बघितलं, आणि त्यांना तिथं काय दिसायला हवं हे कळलं नसावं, पण त्यांनी विचारलं नाही.

कळंबोलीचा नाका आला. शिवा पानटपरीपाशी उभा होता, अंघोळ करून, केसांना पाणी लावून. जीप दिसताच तो पुढे आला आणि ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडायला हात घातला.

"दार सोड रे," भाभी आतून म्हणाल्या. "शेठना घेऊन बाजारात जा. रिक्षा कर."

मुस्तफा मागून उतरले, पँट झटकत. "एवढं पहाटे उठवून मला नाक्यावर सोडून चाललात?"

"गाळा कोण उघडणार मग? आणि संध्याकाळी रमीजला बोलवा. म्हणावं सहाचे चार टायर घेऊन ये. सोळाचे म्हणू नका."

"आणि तोवर?" मुस्तफांनी कृष्णातला विचारलं.

"तोवर चौपन्न दिसलं की साठ समजायचं शेठ," कृष्णात म्हणाला. "आणि घाटात त्याहून बी कमी. बाहेर बघून."

मुस्तफांनी दार लावलं आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. कृष्णातने पहिला गिअर टाकला. पनवेल मागे पडलं, गोव्याकडचा रस्ता लागला. भाभींनी घड्याळ पर्समध्ये ठेवलं नव्हतं. दर दगडाला त्या बटण दाबत होत्या आणि सेकंद स्वतःशीच म्हणत होत्या, कधी साठ, कधी एकसष्ट, एका चढावर सत्तर. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कृष्णातभाऊ, हे दगड कोणी लावले असतील हो?"

"ठाऊक न्हाय भाभी."

"पण कोणीतरी एवढा रस्ता चालत मोजला असेल ना. साखळी टाकत टाकत. उन्हात."

"मोजलाच असंल की."

"आणि कोण होते ते, कुणाला माहीत पण नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढचा दगड यायची वाट बघत खिडकीला टेकून बसल्या.